अर्धी गोळी आणि आठ आठवडे

पहिली गोळी मी दुकानातच तोडली. नैराश्यावरची 10 मिलिग्रॅमची एस्सिटालोप्राम, मधे रेघ असलेली, पांढरी. पहिले सात दिवस अर्धी आणि मग पूर्ण, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. सतरा वर्षं मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी आहे. या गोळ्यांच्या स्ट्रिप कात्रीने कापून किती जणांच्या हातात दिल्या असतील त्याला गणती नाही. त्या दिवशी शटर अर्धं वर होतं, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. अर्धी गोळी तळहातावर घेऊन मी बराच वेळ बघत राहिले. लोकांना मी जे सांगत आले तेच मनात घोळत होतं, "मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी होतं, गोळीने ते भरून निघतं, दोन-तीन आठवड्यांत साठा झाला की बरं वाटेल." त्यातलं बरंचसं चूक आहे हे मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं, आणि ते कळल्यामुळेच मी गोळी मधेच टाकली नाही.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते. पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची आणि आदल्या दिवशीची बिलं डोक्यात फिरायची. जेवणाची चव गेली होती. मुलीची शाळेतली बडबड ऐकू यायची, पण पोचायची नाही. एकदा दोन रुग्णांच्या पिशव्यांची अदलाबदल झाली. ती वेळीच लक्षात आली, तरी त्यानंतर तीन आठवडे मी स्वतःला क्षमा करू शकले नाही. शेवटी नवऱ्याने, "तू नाही आलीस तर मी एकटा जाऊन डॉक्टरांना सगळं सांगतो," असं म्हटलं तेव्हा मी उठले.

डॉक्टर मॅडमनी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला. पीएचक्यू-9 म्हणतात त्याला. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण 27, गुण जास्त म्हणजे दुखणं जास्त. माझे 17 आले. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्यांनी सरळ विचारलं. मी म्हणाले, "तसं नाही, पण सकाळी उठूच नये असं वाटतं." त्यांनी ते लिहून घेतलं आणि नवऱ्याला आत बोलावलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायला सांगितलं, कारण या तिघांच्या बिघाडातूनही असंच गळून गेल्यासारखं होतं. मी विचारलं, "मॅडम, सेरोटोनिनची तपासणी नाही का करायची?"

"तशी तपासणी नसते," त्या म्हणाल्या. "रक्तातलं सेरोटोनिन मोजता येतं, पण त्यावरून मेंदूतलं काही कळत नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत तयार होतं, रक्तात ते प्लेटलेट्समध्ये बसतं, आणि रक्तातून मेंदूत ते जातच नाही. मेंदू आपलं आपण बनवतो."

हे मी डी.फार्म.ला वाचलं असणार. पण काउंटरवर "सेरोटोनिन कमी झालंय" म्हणताना मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं, की कमी झालंय हे कळलं कुणाला?

पहिला आठवडा पोटाचा गेला. सकाळी मळमळ, दुपारी दोनदा पातळ शौच, आणि सारख्या जांभया. झोप येत नसतानाही जांभया. हात किंचित थरथरायचे. जीव आधीपेक्षा जास्त कासावीस व्हायचा. तिसऱ्या दिवशी मी शेल्फवरून ओंडान्सेट्रॉन काढली. उलटीवर आम्ही रोज देतो ती गोळी. तोंडात टाकण्याआधी फोन केला हे बरं झालं. मॅडम म्हणाल्या, "ती नको. दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्याचा मधला अवकाश लांबवू शकतात, एकत्र कशाला? जेवणानंतर घ्या, आठ-दहा दिवसांत कमी होईल." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की ओंडान्सेट्रॉन ज्या ठिकाणी काम करते ती आतड्यातली सेरोटोनिनचीच दारं आहेत. ती दारं बंद करून ती मळमळ थांबवते. म्हणजे माझ्या पोटातली ढवळाढवळ हीच पावती होती, की एस्सिटालोप्राम पहिल्याच दिवसापासून कामाला लागली आहे. मग मनाला का काही होत नव्हतं?

अकराव्या दिवशी मी गोळी सोडायचं ठरवलं. तेव्हा पूर्ण 10 मिलिग्रॅम सुरू होऊन चार दिवस झाले होते. मळमळ ओसरली होती, पण पहाटेची जाग तशीच होती. मुलीच्या वहीवर सही करताना हात जड झाला, आणि वाटलं, ज्या औषधाने फक्त जांभया येतात ते कशासाठी घ्यायचं? आमच्या दुकानातही याच टप्प्यावर लोक परत येतात. दहा गोळ्यांची स्ट्रिप संपते, "लागू पडली नाही" म्हणतात, आणि पुढची घेत नाहीत. मी त्यांना सांगायचे, "साठा व्हायला वेळ लागतो." आता तेच वाक्य स्वतःला ऐकवून बघितलं, आणि फार्मासिस्ट असल्यामुळे त्यातली खोट मला लगेच दिसली. एस्सिटालोप्रामचं अर्ध आयुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण तीस तास असतं. रोज एक घेत गेलं की आठवड्याभरात रक्तातली पातळी स्थिर होते, त्यापुढे ती वाढत नाही. म्हणजे साठा जो व्हायचा तो जवळजवळ झाला होता. मग मी कशाची वाट बघत होते?

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जाऊन मी हाच प्रश्न केला. पुन्हा भरलेल्या कागदावर 15 गुण आले होते. सतरावरून पंधरा. मला ते काहीच वाटलं नाही. त्यांनी मात्र पंधराच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि खुर्ची पुढे ओढून समजावायला बसल्या.

चेतापेशी सेरोटोनिन बाहेर सोडते, पुढच्या पेशीला निरोप मिळतो, आणि उरलेलं सेरोटोनिन एक पंप परत आत ओढून घेतो. एस्सिटालोप्राम तो पंप अडवते. याला आठवडे लागत नाहीत, काही तासांत होतं. मेंदूचे स्कॅन करून हे बघितलेलं आहे. नेहमीच्या मात्रेत या गटातली औषधं साधारण ऐंशी टक्के पंप अडवून ठेवतात. "तुमचे पंप पहिल्या आठवड्यातच अडलेत," त्या म्हणाल्या. "अडचण पुढे आहे. तुमच्या घरी गच्चीवर टाकी आहे ना? त्यात बॉलकॉक असतो. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि येणारं पाणी बंद करतो. सेरोटोनिनच्या पेशींनाही तसा बॉलकॉक असतो."

या पेशींची मुळं मेंदूच्या देठात, राफे नावाच्या छोट्याशा भागात असतात, आणि त्यांचे धागे सगळ्या मेंदूत पसरलेले असतात. पेशीच्या अंगावरच एक ग्राहक, म्हणजे सेरोटोनिन टिपणारा रेणू, असतो. आजूबाजूला सेरोटोनिन वाढलं की तो पेशीला गप्प करतो. गोळी सुरू केल्यावर सेरोटोनिन आधी या मुळांजवळच वाढतं, बॉलकॉक वर उचलला जातो आणि पेशी निरोप पाठवणं कमी करते. पंप अडलाय पण सोडणंही घटलंय, त्यामुळे दूरवर, जिथे फरक पडायला हवा तिथे, फार काही वाढत नाही. रोज तेच होत राहिलं की दोन-तीन आठवड्यांत तो ग्राहक बोथट होतो, पेशी पुन्हा पूर्वीच्या वेगाने काम करू लागते, आणि पंप तर अडलेलाच असतो. हे मुख्यतः उंदरांच्या मेंदूत मोजलेलं आहे.

मला हे इतकं पटलं, की मी विचारलं, "मग बॉलकॉकच बंद करणारं औषध बरोबर का देत नाही?" त्या हसल्या. तसं करून झालेलं आहे. पिंडोलॉल नावाची रक्तदाबाची जुनी गोळी तो ग्राहक काही प्रमाणात अडवते. नव्वदच्या दशकात ती या औषधांबरोबर देऊन बघितली. काही अभ्यासांत रुग्णांना थोडं लवकर बरं वाटलं, काहींत अजिबात फरक पडला नाही, आणि शेवटी किती जण बरे झाले यात तर फारसा बदल नव्हता. म्हणजे बॉलकॉक खरा आहे, पण उशीर फक्त त्याच्यामुळे होतो असं म्हणता येत नाही.

"आणि आठवड्यांनी एकदम दिवा लागतो असंही नाही," त्या म्हणाल्या. अनेक चाचण्या एकत्र करून बघितल्या तर औषध घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे यांच्यातला फरक पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासूनच दिसायला लागतो. फक्त तो इतका बारीक असतो की आतून जाणवत नाही. म्हणून त्यांनी सतराच्या पंधराला गोल केला होता. दोन आठवड्यांत आकडा थोडासा तरी हलला तर पुढे गुण येण्याची शक्यता चांगली. चार आठवड्यांनंतरही जागचा हलला नाही, तर मात्रा वाढवायची की औषध बदलायचं हे ठरवायचं. मला तारखा मिळाल्या. "धीर धरा" ऐकून जे झालं नसतं ते त्या तारखांमुळे झालं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चौथ्या आठवड्याच्या गुरुवारी खूण केली आणि रोज एक चौकोन खोडत गेले.

नवऱ्याला त्यांनी वेगळं सांगितलं, की पहिल्या महिन्यात जास्त लक्ष ठेवा. अंगात थोडी ताकद मनाच्या आधी येऊ शकते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये तर सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत 2004 पासून लहान मुलांसाठी आणि 2007 पासून पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठीही या औषधांच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीत इशारा छापतात. मी पंचेचाळिशीची, तरी नवरा महिनाभर रोज दुपारी काही ना काही निमित्त काढून दुकानात चक्कर मारायचा.

त्या आठवड्यात मी माझी डी.फार्म.ची जुनी वही काढली. सर्पगंधेच्या मुळाचं चित्र त्यात मी स्वतः काढलेलं होतं. "सेरोटोनिन कमी" ही गोष्ट जिथून निघाली त्यात या आपल्या मुळीचा वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं, की सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो. त्यानंतर जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळं काढलं. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी येऊ लागल्या, आणि 1955 मध्ये अमेरिकेत दिसलं की रेझर्पिनने सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. त्याच सुमारास क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांची मनं उल्हसित होतात हे लक्षात आलं होतं, आणि ते औषध सेरोटोनिनसारखी द्रव्यं मोडू देत नाही. एकाने कमी होतं आणि माणूस खचतो, दुसऱ्याने टिकतं आणि माणूस उठतो. 1967 मध्ये इंग्लंडच्या अलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या उणिवेची कल्पना नीट मांडली. कल्पना बुद्धीला पटण्यासारखीच होती.

पण 1955 मध्येच लंडनच्या दोन डॉक्टरांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रेझर्पिन दिलं होतं आणि त्यांना त्याने बरं वाटलं होतं. लान्सेटमध्ये ते छापूनही आलं. ते मागे पडलं. पुढे जेव्हा जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा रेझर्पिनने खरोखरचं नैराश्य येणं हे समजलं होतं त्याहून बरंच विरळ निघालं.

मला सगळ्यात शिकवून गेला तो ट्रिप्टोफॅनचा प्रयोग. मेंदू ज्यापासून सेरोटोनिन बनवतो ते ट्रिप्टोफॅन आपल्याला अन्नातून मिळतं. ते वगळून बाकीची अमिनो आम्लं प्यायला दिली, की काही तासांत मेंदूतलं सेरोटोनिन बनणं घटतं. निरोगी माणसांना ते दिलं तर त्यांचं मन सहसा खचत नाही. औषध न घेणाऱ्या आजारी माणसांचं दुखणंही त्याने वाढत नाही. पण सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळीने नुकतेच बरे झालेल्यांना दिलं, तर त्यांच्यातले बरेच जण त्याच दिवशी पुन्हा खचतात आणि नेहमीचं जेवण सुरू झालं की सावरतात. याचा अर्थ मी असा लावते: गोळीचा गुण सेरोटोनिनच्या वाटेने येतो हे खरं, पण आजार सेरोटोनिन कमी झाल्याने होतो हे त्यातून सिद्ध होत नाही. हिमोग्लोबिन कमी असलं की आम्ही लोहाची गोळी देतो, तिथे जे कमी तेच भरतो. ही गोळी तशी नाही.

2022 च्या जुलैत लंडनच्या जोअॅना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे एकत्र चाळून लिहिलं, की नैराश्यात सेरोटोनिन कमी असल्याचा सुसंगत पुरावा नाही. त्यावर वाद झाला. त्याच वर्षी लंडनमधल्याच दुसऱ्या गटाने मेंदूचे स्कॅन करून दाखवलं, की नैराश्य असलेल्यांमध्ये सेरोटोनिन सोडण्याची क्षमता थोडी कमी दिसते. पण रुग्ण होते फक्त सतरा. "कमी सेरोटोनिन म्हणजे डिप्रेशन" हे वाक्य या सगळ्यानंतर उभं राहत नाही असं माझं मत झालं आहे. पण त्यावरून "मग गोळ्या खोट्या" असं म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. तो निष्कर्ष त्यातून निघतच नाही. 2018 मध्ये 522 चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर रुग्ण एकत्र घेऊन तपासलं, तेव्हा एकवीसच्या एकवीस औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मोठा नव्हता, हेही तितकंच खरं.

आता तिसऱ्या आठवड्यातली एक दुपार. एक गृहस्थ काउंटरपाशी स्ट्रिप हातात घेऊन उभे होते. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. गेले कित्येक महिने असा चेहरा दिसला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. माझं काहीतरी चुकलं, हे आता ओरडणार. त्या दिवशी मी नुसतं म्हणाले, "काका, आणा इकडे, मी वाचते. एक्स्पायरी ना?" ते म्हणाले, "हो बाई, किती बारीक छापतात." संध्याकाळी गल्ला मोजताना मला उमगलं, की मी त्या आठ्यांत राग वाचलाच नव्हता. माझं मन काही हलकं झालेलं नव्हतं. पहाटे साडेतीनची जाग होतीच. फक्त चेहरा मला वेगळा दिसला होता.

मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांचं काम सांगितलं. नैराश्यात माणसाला चेहऱ्यांतली नाराजी आधी दिसते, प्रसन्नता निसटते. हार्मर यांच्या गटाने दाखवलं, की औषधाच्या अगदी पहिल्या मात्रेनंतरसुद्धा हा कल थोडा बदलू शकतो. तेव्हा माणसाला स्वतःला काहीच बरं वाटत नसतं. मग रोज थोडं वेगळं दिसतं, त्याला आपण थोडं वेगळं उत्तर देतो, समोरचाही वेगळं वागतो, आणि असे दिवस साचत गेले की मन बदलतं. उशिराचा मोठा भाग कदाचित या साचण्यात जातो. जोडीला पेशींमधल्या जोडण्या नव्याने घडतात, हे प्राण्यांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. 2003 च्या एका प्रयोगात उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी तयार होणं किरणांनी थांबवलं, तर याच गटातल्या फ्लुओक्सेटिनचा गुणच येईना. माणसात हे किती लागू आहे यावर अजून मतभेद आहेत.

मला हार्मर यांचं म्हणणं जवळचं वाटतं, कारण माझ्याकडे ती आठ्यांची दुपार आहे. एका माणसाच्या अनुभवावरून औषधाने झालं की काळाने झालं हे सांगता येत नाही, हे मी जाणते. पण त्यानंतर मी घरी कोंडून राहिले नाही. नणंदेच्या डोहाळजेवणाला गेले, मुलीबरोबर तळ्यावर फिरायला जाऊ लागले. अंधारात बसून राहिले असते तर वेगळं दिसायला समोर चेहरा तरी कुठे असता?

चौथ्या आठवड्याच्या त्या गुरुवारी 11 गुण आले. सहाव्या आठवड्यात एकदा मला जाग आली तेव्हा घड्याळात पावणेसहा वाजले होते आणि बाहेर दूधवाल्याची सायकल वाजत होती. मी नवऱ्याला उठवून वेळ दाखवली. आठव्या आठवड्यात 6 गुण होते. शृंगाराची इच्छा मात्र गोळीने बोथट केली आहे. हे बायका काउंटरवर कधी बोलत नाहीत, म्हणून इथे लिहिते. मॅडमना सांगितलं आहे, मात्रेचा विचार पुढच्या भेटीत होईल.

आता सातवा महिना आहे. पूर्ण बरं वाटू लागल्यापासून किमान सहा महिने तरी घ्यायची, आणि मग एकदम नाही, हळूहळू उतरवायची असं ठरलं आहे. अचानक बंद केली तर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड होऊ शकते. शेवटचे टप्पे सगळ्यात लहान ठेवायचे असतात, कारण थोड्याशा मात्रेनेही बरेच पंप अडतात. शेवटचे काही मिलिग्रॅम कमी करतानाच सगळ्यात जास्त पंप मोकळे होतात.

मागच्या सोमवारी बाविशीतला एक मुलगा आला. दोन गोळ्या उरलेली स्ट्रिप काउंटरवर ठेवून म्हणाला, "मॅडम, आठ दिवस झाले. नुसती मळमळ होतेय, बाकी काही नाही. पुढची घेऊ का?" मी त्याला स्टुलावर बसवलं. जिवाचे विचार येतात का ते विचारलं, जसं मला विचारलं होतं तसं सरळ. "नाही," म्हणाला. मळमळ कशाची ते सांगितलं. साठ्याची गोष्ट सांगितली नाही, बॉलकॉकची सांगितली. त्याच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावायला लावला. चिठ्ठी बघून दहा गोळ्या कापल्या, पाकिटावर चौथ्या आठवड्याची तारीख आणि खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहिला. त्याने पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "या तारखेला काय आहे?"

"डॉक्टरांकडे जायचं," मी म्हणाले. "आणि तोवर रोज एकदा तरी घराबाहेर पडायचं."